माझ्या पर्सचे फोटो दुसऱ्याच्याच दुकानात, आता काय करू?

खणाची_घडी | ३ ऑगस्ट, रात्री १०:४२

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून धागा काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर हलवा.

मी सांगलीत घरून खणाच्या कापडाच्या पर्स, बटवे, लॅपटॉपच्या पिशव्या शिवते. मी आणि शेजारच्या दोघीजणी, एवढाच कारखाना. कापड गुळेदगुड्डहून येतं. विक्री इन्स्टाग्रामवर आणि भावाने करून दिलेल्या छोट्या वेबसाइटवर, बाकी कुठेही नाही.

परवा एका बाईंचा मेसेज आला, "ताई तुमची पर्स आली पण हे खण नाहीच, प्रिंट मारलेलं पॉलिस्टर आहे, धुतल्यावर रंग गेला." मी म्हटलं तुमचं नाव माझ्या ऑर्डरच्या वहीत नाही. त्यांनी लिंक पाठवली. एका मोठ्या मार्केटप्लेसवर कुणीतरी माझे ९ फोटो जसेच्या तसे लावलेत. माझी पर्स ११५० ची, त्याची ४४९ ला. आणि वर्णन पण माझंच!! मी लिहिलं होतं, "आतला कप्पा आईच्या चष्म्याच्या घरापेक्षा बोटभर मोठा आहे." तेही तसंच ठेवलंय. माझ्या आईच्या चष्म्याचं घर त्याला कुठून माहीत?

त्याला मेसेज करून झापावं असं वाटतंय, पण नवरा म्हणतो थांब. कुणाला अनुभव आहे का?

---

टवाळ_कार्टं | ३ ऑगस्ट, रात्री १०:५८

चष्म्याचं घर पण चोरलं म्हणजे आता आईने चष्मा शोधायचा तरी कुठे 😂

(सॉरी ताई, वाईट झालं खरंच.)

---

रोखठोक | ३ ऑगस्ट, रात्री ११:१५

सरळ त्याच्या दुकानाचा स्क्रीनशॉट स्टोरीला टाका, वर लिहा "चोर", आणि सगळ्या फॉलोअर्सना सांगा रिपोर्ट करा म्हणून. ५०० रिपोर्ट गेले की आपोआप उडतं.

बाकी कायद्याचं म्हणाल तर तुमच्याकडे रजिस्ट्रेशन नसेल तर कॉपीराइटच नाही, त्यामुळे तिकडे जाऊ नका. आणि फोटोत ३०% बदल केला तर तसंही काही करता येत नाही.

---

ठाण्याचा_वकील | ४ ऑगस्ट, सकाळी ७:२०

रोखठोक, तिन्ही गोष्टी चुकल्या हो.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढला त्या क्षणी हक्क तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी केली तर कोर्टात वरवर पाहता तुमची बाजू खरी धरतात, म्हणजे सिद्ध करायची मेहनत वाचते, एवढाच फायदा. ३०% वाला नियम कायद्यात कुठेही लिहिलेला नाही, तो व्हॉट्सअॅपवर जन्माला आला आणि तिथेच राहतो. आणि ५०० जणांनी रिपोर्ट करून काही होत नाही, कारण कॉपीराइटची तक्रार फक्त मालक किंवा मालकाने नेमलेला माणूस करू शकतो. उलट "चोर" लिहून टाकलंत तर बदनामीची नोटीस तोच पाठवेल, आणि मग खुलासे तुम्ही देत बसा.

ताई, नवऱ्याचं ऐका, त्याला अजून मेसेज करू नका. मेसेज गेला की लोक फोटो काढून टाकतात, आठवड्याने दुसऱ्या नावाने दुकान उघडतात, आणि तुमच्या हातात काहीच राहत नाही. आधी पुरावा. पूर्ण पान दिसेल असा स्क्रीनशॉट, वरची लिंक आणि तारीख त्यात आली पाहिजे, नुसता फोटोचा कापलेला तुकडा नको. मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करून पान वरपासून खालपर्यंत सरकवा, विक्रेत्याचं नाव दिसतं तिथे थांबा. शिवाय web.archive.org वर ते पान सेव्ह करायचा प्रयत्न करा, ती तारीख तिसऱ्याच कुणाच्या तरी सर्व्हरवर पडते, तुम्ही बनवली असं कुणी म्हणू शकत नाही. बऱ्याच मार्केटप्लेसची पानं तिथे नीट सेव्ह होत नाहीत, न झाली तर सोडून द्या.

आणि शक्य असेल तर एक पर्स ऑर्डर करा. ४४९ जातील पण बिल येईल.

---

मसालेवाली_मावशी | ४ ऑगस्ट, सकाळी ९:०५

माझं पण असंच झालं गं. मी घाटी मसाला करते, खोबरं वेगळं भाजून शेवटी घालते. आमच्या गल्लीतल्याच एकीने माझ्याकडून दोन वेळा नेला आणि आता तसाच करून विकते. तिच्यावर पण तक्रार करता येईल का वकील साहेब?

---

ठाण्याचा_वकील | ४ ऑगस्ट, सकाळी ९:४०

मावशी, नाही. तुमचा मसाला करायची पद्धत यात येत नाही. तुम्ही पाकिटावर काढलेला फोटो किंवा लिहिलेला मजकूर तिने उचलला तर बोला.

ताईंच्या बाबतीतही हेच. त्याने तशाच आकाराची पर्स शिवली, तर तो विषय वेगळा, डिझाइनची नोंदणी वगैरे तिथे येते आणि ती तुम्ही केलेली नसणार. म्हणून तक्रारीत "माझी पर्स कॉपी केली" असं लिहूच नका. "माझे फोटो आणि माझा मजकूर वापरला" एवढंच. फॉर्मवर पर्याय असतात, बनावट माल, ट्रेडमार्क, कॉपीराइट. रागाच्या भरात लोक "बनावट" वर टिचकी मारतात, मग समोरचे ट्रेडमार्क नंबर मागतात, तो नसतो, तक्रार बाद.

---

मसालेवाली_मावशी | ४ ऑगस्ट, सकाळी ९:५२

म्हणजे तिचं काहीच वाकडं होणार नाही. बरं. तिचा मसाला तसा कडू लागतो म्हणा.

---

रोखठोक | ४ ऑगस्ट, सकाळी १०:१०

वर्णनाचं काय पण? पर्सची लांबी १० इंच, रुंदी ७ इंच यावर कुणाचा कॉपीराइट असतो होय?

---

ठाण्याचा_वकील | ४ ऑगस्ट, दुपारी १:३०

हे मात्र बरोबर बोललात. मापं, कापडाचं नाव, रंग, हे कुणाचंच नाही. पण आईच्या चष्म्याचं घर ताईंचंच आहे. ते वाक्य म्हणजे सोनं, कारण दोन माणसं स्वतंत्रपणे असं लिहिणं शक्यच नाही. गूगलवर ते पूर्ण वाक्य अवतरणचिन्हात टाकून शोधा, अजून कुठे कुठे गेलंय ते सापडेल.

---

निळा_फिल्टर | ४ ऑगस्ट, दुपारी ३:१८

मी प्रॉडक्ट फोटोग्राफी करतो, कोल्हापूर. फोटो तुमचा आहे हे दाखवायचं कसं ते मी सांगतो, यात लोक फार गोंधळ घालतात.

इन्स्टावरून परत डाउनलोड केलेली किंवा व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइल पुरावा म्हणून दुबळी, कारण कॅमेरा, तारीख, वेळ ही फाइलच्या पोटातली माहिती वाटेत गळून जाते. मोबाइल किंवा कॅमेऱ्यातली मूळ फाइल शोधा. आणि त्याहून भारी म्हणजे तिच्या आजूबाजूचे फोटो. एका पर्सचे आपण १५-२० फोटो काढतो, त्यातला एक टाकतो. उरलेल्यात कुठे पट्टा वाकडा, कुठे तुमचा हात आलेला, कुठे मांजर. ते फक्त तुमच्याकडे आहेत. शिवाय टाकताना आपण कडा कापतो, न कापलेल्या मूळ फोटोत टेबलाची कड, खिडकी, शेजारचा डबा दिसतो. ज्याने चोरला त्याच्याकडे तो कापलेला भाग असूच शकत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या भांडणात मी न कापलेला फोटो आणि साइटवरचा फोटो शेजारीशेजारी ठेवून पाठवला, पुढे एकही प्रश्न आला नाही.

ताई तुमच्याकडे मूळ फाइल्स आहेत ना?

---

खणाची_घडी | ४ ऑगस्ट, रात्री ९:२५

सगळ्यांचे आभार. स्क्रीनशॉट, रेकॉर्डिंग झालं, एक ऑर्डर पण टाकली. आर्काइव्हवर पान अर्धवटच सेव्ह झालं, फोटोच्या जागी पांढरे चौकोन.

मूळ फाइल्सचं काय झालं, फोटो मी काढलेच नाहीत. माझा भाचा काढतो, इंजिनिअरिंगला आहे, त्याच्याकडे चांगला कॅमेरा आहे. दिवाळीत आला होता तेव्हा सगळे काढून दिले. पैसे वगैरे काही नाही, घरचाच आहे. फाइल्स त्याच्या हार्ड डिस्कवर पुण्यात आहेत, पाठवतो म्हणालाय. पण फॉर्मवर विचारतात "या फोटोंचे मालक तुम्ही आहात का", आता काय लिहू?

---

टवाळ_कार्टं | ४ ऑगस्ट, रात्री ९:३१

भाचा: मावशी, रॉयल्टी 😎

---

ठाण्याचा_वकील | ४ ऑगस्ट, रात्री १०:४५

बरं झालं आधी विचारलंत, नाहीतर इथेच पाय घसरला असता.

फोटोचा लेखक म्हणजे फोटो काढणारा. तुम्ही पैसे देऊन काढून घेतले असते तर कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, मालकी सरळ तुमची. पण फुकट काढून दिले म्हणजे मालक भाचा. तुमच्या घरी, तुमच्या पर्सचे, तुमच्या चहावर काढले तरीही.

---

निळा_फिल्टर | ४ ऑगस्ट, रात्री ११:०२

चार दिवस राहून पुरणपोळ्या खाल्ल्या असतील की, तो मोबदला नाही का धरत?

---

ठाण्याचा_वकील | ४ ऑगस्ट, रात्री ११:२०

कोर्टात पुरणपोळी मोबदला ठरते का यावर युक्तिवाद करायला मला फार आवडेल, पण ताईंच्या खर्चाने नको 🙂

सोपं आहे, भाच्याकडून लेखी घ्या. तोंडी चालत नाही, हक्क देणाऱ्याची सही लागते. कागदावर कोणते फोटो ते फाइलच्या नावासकट लिहा, आणि सगळे हक्क तुम्हाला दिले असं लिहा. मोबदला किती तेही घाला, ५०० रुपये ऑनलाइन पाठवून तो आकडा टाकलात तर उत्तम. दोन गोष्टी विसरू नका. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. म्हणून "कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभर" असं स्पष्ट लिहा. तारीख आजचीच घाला. मागची तारीख टाकायचा मोह लोकांना होतो, तो करू नका. आधी झालेल्या वापराबद्दल दावा करायचा हक्कही दिला, असं एक वाक्य घाला म्हणजे झालं.

घाई असेल तर आज भाच्यानेच तुम्हाला तक्रारीपुरतं प्रतिनिधी नेमलं तरी फॉर्म भरता येतो, तिथे "मालकाचा अधिकृत प्रतिनिधी" असा पर्याय असतो.

---

रोखठोक | ५ ऑगस्ट, सकाळी ८:१०

घरच्या पोराकडून स्टॅम्पपेपर करून घ्यायचा म्हणजे जरा जास्तच होतंय. कोण विचारतंय?

---

साडी_संगम | ५ ऑगस्ट, सकाळी ११:४४

विचारतात हो. माझंच सांगते.

मी साड्या रिसेल करते, होलसेलर ग्रुपवर फोटो टाकतो तेच मी माझ्या पेजला टाकते. मागच्या वर्षी एकीने माझ्या पेजवरून फोटो घेतले, माझा लोगो पुसून स्वतःचा लावला. मी चिडून कॉपीराइटची तक्रार केली. तिने उलट कळवलं की फोटो होलसेलरचे आहेत, मलाही त्यानेच दिलेत, आणि होलसेलरचा मेसेज जोडला. तोंडावर पडले. माझ्याच खात्यावर खोट्या तक्रारीचा शेरा येतो की काय म्हणून दोन आठवडे झोप नाही. लोगो टाकला म्हणजे फोटो आपला होतो असं मला खरंच वाटत होतं.

आता मी निदान ५-६ साड्यांचे फोटो स्वतः काढते, खिडकीत, मुलीला नेसवून. विक्री पण त्यांचीच जास्त होते.

---

निळा_फिल्टर | ५ ऑगस्ट, दुपारी १२:२०

लोगोवरून आठवलं. कोपऱ्यातला वॉटरमार्क हा दाराला लावलेल्या लिंबू मिरचीसारखा आहे. कोपरा कापला की गेला, आणि न कापता पण मोबाइलवर बोटाने पुसता येतो. मधोमध टाकला तर पुसायला त्रास, पण गिऱ्हाइकाला पर्सच दिसत नाही. शिवाय बऱ्याच मार्केटप्लेसला मुख्य फोटोवर अक्षरं चालतच नाहीत.

मी गिऱ्हाइकांना सांगतो खूण फोटोवर नको, फोटोत असू दे. पर्सला शिवलेलं नावाचं लेबल समोर येईल असं ठेवा. कायम एकच पाट, एकच चटई, तीच पितळी वाटी बाजूला. पुसायचं तर अख्खा फोटो खराब होतो. वेबसाइटवर मोठी फाइल टाकू नका, लांब बाजू १०००-१२०० पिक्सेल पुरते, मोठी फाइल तुमच्याकडेच राहू दे. याने चोरी थांबत नाही, पण भांडण लवकर मिटतं.

---

लष्कर_ए_लिनक्स | ५ ऑगस्ट, दुपारी २:०७

राइट क्लिक बंद करणारे प्लगिन कुणी सुचवायच्या आत सांगतो, निरुपयोगी. स्क्रीनशॉट काढायला राइट क्लिक लागत नाही.

एक गोष्ट करा मात्र. भाच्याकडून फाइल आली की तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखी अक्षरं-आकड्यांची ओळ, काढून स्वतःला ईमेल करून ठेवा. फाइलमधलं एक टिंब बदललं तरी हॅश पूर्ण बदलतो, त्यामुळे "ही फाइल तेव्हापासून अशीच आहे" हे दाखवता येतं. विंडोजवर काही इन्स्टॉल करायला नको:

```
certutil -hashfile IMG_2041.jpg SHA256
```

---

ठाण्याचा_वकील | ५ ऑगस्ट, दुपारी ४:३०

दुजोरा. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश लिहायची जागाच आहे. पण ते कोर्टात गेलात तर. साइटवरच्या तक्रारीला एवढं कुणी मागत नाही.

---

खणाची_घडी | ११ ऑगस्ट, रात्री ८:५०

अपडेट.

भाच्याने सही केली, ५०० रुपये पाठवले, त्याचा त्याने लगेच पिझ्झा खाल्ला. मूळ फाइल्स आल्या. एका फोटोच्या न कापलेल्या कडेला आमच्या आईचा पाय आणि निळी चप्पल आहे!

माल पण आला. पॉलिस्टर, आत कप्पाच नाही, चष्म्याचं घर तर सोडाच. बिलावर जीएसटी नंबर होता, सुरुवातीचे दोन आकडे २७ नाहीत म्हणजे महाराष्ट्रातला नाही. जीएसटीच्या साइटवर तो नंबर टाकला तर फर्मचं खरं नाव निघालं, दुकानावर वेगळंच आहे.

तक्रार अशी केली. एका रांगेत माझ्या वेबसाइटची लिंक आणि त्या फोटोची तारीख, समोर त्याची लिंक, असे नऊच्या नऊ फोटो वेगवेगळे. मजकुराचे दोन परिच्छेद तसेच शेजारीशेजारी. भाच्याचा कागद आणि चपलेचा फोटो जोडला. चार ओळींत सांगितलं, आईचं वगैरे काही लिहिलं नाही, लिहावंसं खूप वाटत होतं. फॉर्ममध्ये लिहिलेलं होतं की माझं नाव आणि ईमेल समोरच्याला कळवलं जाऊ शकतं, म्हणून धंद्याचा वेगळा ईमेल काढला.

पोच दुसऱ्या दिवशी आली. चौथ्या दिवशी पान उडालं!!

---

टवाळ_कार्टं | ११ ऑगस्ट, रात्री ८:५५

निळ्या चपलेचा विजय असो.

---

जर्सीचा_पाव्हणा | १२ ऑगस्ट, पहाटे ५:३०

अभिनंदन, पण लगेच पेढे वाटू नका. मी न्यू जर्सीत राहतो, बायको एट्सीवर हाताने रंगवलेल्या पणत्या विकते. इकडच्या कायद्यात समोरचा उलट नोटीस देऊ शकतो, मग आपण कोर्टात गेल्याचं कळवलं नाही तर १० ते १४ कामाच्या दिवसांत पान परत लागतं. आमच्या बाबतीत त्याने दिलीच नाही, कारण त्यात स्वतःचं खरं नाव पत्ता द्यावा लागतो. चोराला तेच नको असतं. भारतात काय आहे?

---

ठाण्याचा_वकील | १२ ऑगस्ट, सकाळी ७:४५

आपल्याकडे कलम ५२ मध्ये तक्रारीनंतर २१ दिवस मजकूर बंद ठेवायची तरतूद आहे, तोपर्यंत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत चालू करू शकतात. नियमांत ३६ तासांत काढायचं असंही आहे, पण ते कोणत्या साइटला नेमकं लागू यावर वकीलच भांडतात, त्यामुळे त्यावर घड्याळ लावू नका. आयटी नियम २०२१ प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच आणि ७ दिवसांत निकाल द्यायचा असतो, २०२६ च्या बदलाआधी १५ दिवस होते, ते दाखवून पाठपुरावा करा. व्यवहारात ज्या साइटने एकदा काढलं ती बहुतेक वेळा परत लावत नाही, पण खात्री देत नाही.

---

बारा_बलुतेदार | १२ ऑगस्ट, सकाळी १०:१५

जे लोक स्वतःच मार्केटप्लेसवर विकतात त्यांच्यासाठी एक. काही ठिकाणी एका वस्तूचं एकच पान असतं आणि तीच वस्तू विकणारे सगळे त्याच पानावर येतात. फोटो टाकताना आपण साइटला परवानगी दिलेली असते, त्यामुळे दुसरा विक्रेता माझ्या पानाला चिकटला तर कॉपीराइटची तक्रार टिकत नाही. मी तीनदा केली, तीनदा परत. शेवटी मागवून घेऊन दाखवलं की तो वेगळाच माल पाठवतोय, तेव्हा कुठे हटला. म्हणजे तिकडे फोटोचं नाही, मालाचं भांडण भांडावं लागतं.

---

रोखठोक | १२ ऑगस्ट, दुपारी १२:००

पोलिसात का नाही जात कुणी? शिक्षा आहे ना?

---

ठाण्याचा_वकील | १२ ऑगस्ट, दुपारी १:१०

आहे, धंद्यासाठी केलं असेल तर किमान सहा महिने ते तीन वर्षं आणि ५० हजार ते २ लाख दंड. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आहे असंही सांगितलंय. पण ४४९ च्या पर्ससाठी दुसऱ्या राज्यात तारखा करायच्या का, हे ताईंनी ठरवायचं. मी त्यांच्या जागी असतो तर आता त्या जीएसटीच्या पत्त्यावर एक साधी नोटीस पाठवली असती. धमकीची भाषा नको, खोटी धमकी दिली तर समोरचाही कोर्टात जाऊ शकतो.

---

खणाची_घडी | २ सप्टेंबर, रात्री ९:३५

परत मीच.

नोटीस पाठवली, उत्तर नाही. पण काल गूगल लेन्समध्ये सहज माझा फोटो टाकला तर दुसऱ्या एका साइटवर तीच पर्स. फोटो आरशातल्यासारखा उलटा केलाय, पट्टा डावीकडचा उजवीकडे. लेबलवरचं माझं नाव पण उलटं, पुसायचं राहिलंय. किंमत आता ३९९. मजकुराचं इंग्रजी केलंय आणि मधे चक्क "मदर्स स्पेक्टॅकल हाऊस" असं लिहिलंय.

तोच आहे की दुसरा ते कळत नाही, इथे विक्रेत्याचं नाव पत्ता काहीच सापडत नाहीये. भाषांतर केलेल्या मजकुराची तक्रार चालते का? आणि पत्ता कुठे बघायचा?

---

ठाण्याचा_वकील | २ सप्टेंबर, रात्री १०:१५

भाषांतराचा हक्कही मूळ लिहिणाऱ्याचाच, चालते. उलटा फोटो म्हणजेही तुमचाच फोटो. पत्त्याचं म्हणाल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव पत्ता दाखवायची जबाबदारी त्या साइटची आहे. आधी पान नीट शोधा, बहुतेक "सोल्ड बाय" च्या नावावर टिचकी मारल्यावर खाली बारीक अक्षरात असतं. नसेलच तर साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला त्यासाठी वेगळा मेल टाका.

---

साडी_संगम | २ सप्टेंबर, रात्री १०:२२

ताई स्क्रीनशॉट आधी काढलात ना??

---

खणाची_घडी | २ सप्टेंबर, रात्री १०:२४

काढले गं. रेकॉर्डिंग पण. आता भाच्याला फोन करते, त्या कागदात या फोटोचं नाव आहे का बघायचंय.

---

टवाळ_कार्टं | २ सप्टेंबर, रात्री १०:३०

भाचा: मावशी, आता पिझ्झा मोठा.